मीटिंगचा मेल जातो, ‘नक्की भेटू’ असं उत्तर येतं, पण वेळ काही ठरत नाही: अडतं कुठे आणि दुरुस्ती काय

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना आणि पुण्यातलं हॉटेल, अशी जोडी धरू. कारखान्याकडून मीटिंगसाठी मेल जातो. दोन दिवसांनी उत्तर येतं, ‘हो, भेटायला हवं. कधी जमेल?’ कारखाना लिहितो, ‘आपण सांगाल तेव्हा.’ तिकडून येतं, ‘या आठवड्यात जरा अवघड आहे, पुढच्या आठवड्यात बघू.’ पुढच्या आठवड्यात कोणीच लिहीत नाही. दरम्यान उभ्या धाग्यांचा रूळ, म्हणजे बीम, मागावर चढतं, माल निघतो, आणि ज्या गोष्टीवर बोलायचं होतं तीच गोष्ट तक्रार होऊन परत येते.

इथे नकार कुणीच दिलेला नाही, दोघांनाही भेटायचं आहे. तरी दर वेळी गाडी याच ठिकाणी थांबते, कारण मेलमध्ये ‘हो’ म्हणण्याजोगं काही नसतं. ‘भेटू या का?’ याला हो म्हटल्याने वेळ ठरत नाही. ‘मंगळवार, ९ जून, साडेअकरा ते बारा चालेल का?’ याला हो म्हटलं की ठरते.

बिघडलेला मेल

> विषय: मीटिंगबाबत
>
> मा. मॅडम, सप्रेम नमस्कार.
> आपल्या टॉवेलच्या ऑर्डरबाबत एकदा सविस्तर चर्चा करायची आहे. तरी आपण आपल्या सोयीने वेळ कळवावी. शक्यतो पुढच्या आठवड्यात जमल्यास बरं होईल.
> कळावे, आपला विश्वासू

भाषा नम्र आहे, शुद्धलेखन ठीक आहे, आणि मेल निरुपयोगी आहे. का, ते वाचणाऱ्या बाईंच्या जागी बसून पाहा. ‘ऑर्डरबाबत’ म्हणजे दर वाढवून मागतायत, की माल उशिरा येणार आहे, की मागच्या बिलाचं काही आहे? तयारी काय करायची, कुणाला सोबत घ्यायचं, हे कळत नाही. ‘सविस्तर’ म्हणजे वीस मिनिटं की दीड तास? लिहिलेलं नाही म्हणून त्या तासभर धरतात, आणि सलग मोकळा तास त्यांना आठवडाभर दिसत नाही. ‘आपल्या सोयीने’ या दोन शब्दांनी तर कॅलेंडर उघडण्याचं, इतरांना विचारण्याचं आणि वेळ सुचवण्याचं सगळं काम त्यांच्यावर टाकलं. त्या मेल बाजूला ठेवतात, मनात ‘संध्याकाळी बघू’ म्हणतात, आणि तो खाली सरकत जातो.

‘आपल्या सोयीने’ लिहिण्यामागे आदर असतो, हे खरं. मोठ्या माणसाला आपण वेळ कशी सांगायची, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. पण ‘आपल्यासाठी या तीन वेळा मोकळ्या ठेवल्या आहेत’ हे वाक्य उद्धट नाही. त्यात समोरच्याचं काम कमी होतं, आणि आदर त्यातच जास्त आहे.

आधी हेतू: कोणता निर्णय, आणि कधीच्या आत

वेळेचे पर्याय लिहिण्याआधी कागदावर एक ओळ लिहून पाहा: ‘मीटिंग संपल्यावर अमुक ठरलेलं असेल.’ ही ओळ लिहिता येत नसेल, तर अजून मीटिंग मागायची वेळ झालेली नाही. आधी फोन करा.

आपल्या उदाहरणात ती ओळ लिहिता येते. हॉटेलने ७० बाय १४० सेंटिमीटरचा, ५०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचा, बाथ टॉवेल मागवला आहे. त्याचं क्षेत्रफळ ०.९८ चौरस मीटर, म्हणजे एका टॉवेलचं वजन ४९० ग्रॅम यायला हवं. दुसऱ्या लॉटमधले काही टॉवेल हलके आहेत, असं हॉटेलचं म्हणणं. पण किती ग्रॅम कमी-जास्त चालेल, हे ऑर्डरमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. टॉवेल धुण्याआधी मोजायचा की धुतल्यावर, हेही लिहिलेलं नाही. पहिल्या धुण्यात टॉवेल आटतो. वजन जवळपास तेवढंच राहिलं तरी क्षेत्रफळ कमी होतं आणि जीएसएमचा आकडा वर जातो. शिवाय सुती कापड हवेतला ओलावा धरतं, त्यामुळे कोरड्या मे महिन्यात आणि भर पावसात तोच टॉवेल काट्यावर सारखा भरत नाही. म्हणजे दोघेही प्रामाणिकपणे मोजत असतील आणि तरी आकडे जुळत नसतील.

एवढं स्पष्ट झालं की हेतू एका वाक्यात येतो: तिसऱ्या लॉटसाठी वजनाची मर्यादा आणि मोजण्याची पद्धत ठरवणे, बीम चढण्याआधी. यातले शेवटचे शब्द महत्त्वाचे. ‘बीम मंगळवारी, १६ जूनला चढतंय’ हे कळलं की मॅडमना या आठवड्यात का आणि पुढच्या महिन्यात का नाही, हे समजतं. टेरी टॉवेलमध्ये पाईलचा, म्हणजे वरच्या फासांचा, ताणा वेगळ्या बीमवर असतो, आणि तो किती सैल सोडायचा यावर टॉवेलचं वजन बरंचसं ठरतं. माल निघाल्यावर या चर्चेला अर्थ उरत नाही. खरी मुदत असेल तर ती कारणासह लिहा. नसेल तर ‘तातडीचे’ असा खोटा शिक्का मारू नका. दुसऱ्या वेळी तो कुणी वाचत नाही.

हेतूतून आणखी एक गोष्ट आपोआप निघते, ती म्हणजे कोण हवं. वजनाच्या मर्यादेला मंजुरी खरेदी विभाग देईल, पण टॉवेल प्रत्यक्ष काट्यावर ठेवतात हाऊसकीपिंगचे लोक. ते मीटिंगला नसतील तर अर्ध्या तासाच्या शेवटी ‘त्यांना विचारून सांगते’ असं होतं आणि दुसरी मीटिंग मागावी लागते. म्हणून हाऊसकीपिंग प्रमुखांना सीसीत घ्या, आणि का घेतलं ते मेलमध्येच सांगा. मात्र पाच-सहा जण जमवायच्या भरीला पडू नका. जितकी माणसं वाढतात, तितकी सगळ्यांना जमणारी वेळ सापडणं अवघड होतं.

दुरुस्त केलेला मेल

> विषय: बाथ टॉवेल तिसरा लॉट, वजनाची मर्यादा ठरवणे: ३० मिनिटं, ९, १० किंवा १२ जून
>
> मा. मॅडम, सप्रेम नमस्कार.
>
> आपल्या १,२०० बाथ टॉवेलच्या तिसऱ्या लॉटचं बीम आम्ही मंगळवार, १६ जूनला मागावर चढवत आहोत. त्याआधी वजनाची मर्यादा आणि मोजण्याची पद्धत आपल्यासोबत पक्की करायची आहे, म्हणजे दुसऱ्या लॉटसारखा प्रश्न पुन्हा येणार नाही. त्यासाठी व्हिडिओ कॉलवर ३० मिनिटं हवी आहेत.
>
> चर्चेचे मुद्दे:
> १. टॉवेल कधी मोजायचा, धुण्याआधी की पहिल्या धुण्यानंतर (१० मिनिटं)
> २. ४९० ग्रॅमला किती कमी-जास्त चालेल. आमचा प्रस्ताव ५ टक्के, म्हणजे साधारण ४६५ ते ५१५ ग्रॅम (१० मिनिटं)
> ३. दर लॉटमधून किती टॉवेल मोजायचे आणि नोंद कुणी ठेवायची (५ मिनिटं)
> शेवटची ५ मिनिटं ठरलेलं वाचून पक्कं करण्यासाठी.
>
> आपल्यासाठी या वेळा राखून ठेवल्या आहेत:
> अ) मंगळवार, ९ जून २०२६, सकाळी ११.३० ते १२.००
> ब) बुधवार, १० जून २०२६, दुपारी ४.०० ते ४.३०
> क) शुक्रवार, १२ जून २०२६, दुपारी २.३० ते ३.००
>
> उत्तरात फक्त अ, ब किंवा क लिहिलं तरी पुरे. शुक्रवार, ५ जून, संध्याकाळी ५ पर्यंत कळवावं. यांपैकी एकही जमत नसेल तर सोमवार, १५ जूनपर्यंतची आपली एखादी अर्ध्या तासाची वेळ सुचवावी.
>
> मोजणी हाऊसकीपिंगकडून होते म्हणून तिथल्या प्रमुखांनाही सीसीत घेतलं आहे. दुसऱ्या लॉटमधल्या २० टॉवेलांच्या वजनाची यादी सोबत जोडली आहे, एक पान आहे.

हा मेल बुधवारी, ३ जूनला सकाळी गेला असं धरा. आता त्यात काय कशासाठी आहे ते बघू.

विषयाच्या ओळीत ‘मीटिंगबाबत’ नाही. फोनवर विषयाचे पहिले पाच-सहा शब्दच दिसतात, म्हणून माल आणि लॉट आधी, तारखा शेवटी. ‘विनंती’, ‘संदर्भात’, ‘बाबत’ असे शब्द पुढे आले की जागा खातात आणि काहीच सांगत नाहीत.

अजेंड्यातला प्रत्येक मुद्दा एका प्रश्नाच्या उत्तरावर संपतो. ‘वजनाबाबत चर्चा’ असा मुद्दा कितीही वेळ चालतो, कारण तो कधी संपला हे कळायला खूण नाही. ‘किती कमी-जास्त चालेल’ याचं उत्तर आकड्यात येतं, आणि आकडा आला की मुद्दा संपला. त्यातही आपला प्रस्ताव आधीच लिहिला असेल तर समोरच्याला मीटिंगपूर्वीच आपसांत विचारता येतं. पुष्कळदा असं होतं की दुसरा मुद्दा मेलवरच मान्य होतो आणि मीटिंग पंधरा मिनिटांत आटोपते.

क्रमही विचार करून लावलेला आहे. टॉवेल धुण्याआधी मोजायचा की नंतर, हे ठरल्याशिवाय मर्यादेच्या आकड्याला अर्थ नाही. उलट्या क्रमाने घेतलं तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या टॉवेलबद्दल भांडत बसतात.

मुद्द्यांपुढे लिहिलेली मिनिटं हा कालावधीचा पुरावा आहे. १०, १०, ५ आणि ५ मिळून तीस होतात, म्हणून ‘३० मिनिटं’ हा शब्द खरा वाटतो. बेरीज पन्नास येत असेल आणि वर ‘अर्धा तास’ लिहिलं असेल, तर वाचणारा पन्नासही नाही, सव्वा तास धरतो. बेरीज जास्त येते तेव्हा मुद्दा कमी करा. मिनिटं दाबून बसवू नका.

पर्याय तीन दिसतात, पण असतो एकच

सगळ्यात जास्त बिघाड इथे सापडतो. मेलमध्ये तीन वेळा दिलेल्या असतात आणि उत्तर येतं, ‘तिन्ही जमत नाहीत.’ मग पाहिलं तर पर्याय असे निघतात: सोमवारी १०, सोमवारी ११, सोमवारी १२. मॅडमची सोमवारची सकाळ विभागाच्या आढाव्यात जात असेल, तर एका कारणाने तिन्ही गेले. हे तीन पर्याय नव्हतेच.

समजा कोणतीही एक वेळ जमण्याची शक्यता निम्मी आहे. तिन्ही वेळा एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर तिन्ही हुकण्याची शक्यता आठात एक एवढीच उरते. तीनही एकाच सकाळी असतील तर ती जवळजवळ निम्मीच राहते. म्हणून पर्यायांमध्ये दिवस बदला आणि दिवसाचा भागही बदला. वरच्या मेलमध्ये एक सकाळची वेळ, एक संध्याकाळकडची, एक जेवणानंतरची, आणि दिवस तीन वेगळे आहेत. ज्यांचा रोज सकाळी राउंड असतो त्यांना ब किंवा क आहे, आणि जे चारनंतर कारखान्यात किंवा साइटवर जातात त्यांना अ आहे.

मग पाच-सहा पर्याय का देऊ नयेत? दोन कारणं आहेत. एक म्हणजे दिलेली प्रत्येक वेळ उत्तर येईपर्यंत तुम्हालाही मोकळी ठेवावी लागते. सहा वेळा अडवून ठेवल्या तर तुमचाच आठवडा अडतो. दुसरं, सीसीत तिघं असतील आणि पर्याय सहा असतील, तर ‘मला २ आणि ५’, ‘मला ५ सोडून सगळे’ अशा उत्तरांचा गुंता होतो. दोघांमधली मीटिंग असेल तर दोन-तीन पर्याय पुरतात. माणसं पाच किंवा जास्त असतील तर मेलवर पर्याय देण्यापेक्षा मतनोंदणीचा फॉर्म फिरवणं सोपं पडतं.

पहिला पर्याय किती जवळचा असावा? मेल बुधवारी सकाळी पाठवून पहिली वेळ गुरुवारची दिली, तर मॅडमनी मेल शुक्रवारी उघडेपर्यंत तो पर्याय मेलेला असतो. शेवटी वाचणाऱ्याच्या हातात दोनच उरतात. मेल पाठवल्याचा दिवस सोडून किमान तीन कामाचे दिवस मध्ये जाऊ द्या. आणि शेवटचा पर्याय खऱ्या मुदतीच्या अगदी टोकावर ठेवू नका. इथे बीम १६ जूनला चढणार आहे, म्हणून क हा १२ जूनला आहे. ठरलेलं तयारीत उतरवायला मध्ये दोन-तीन दिवस मिळतात.

वेळा पाठवल्याबरोबर तिन्ही आपल्या कॅलेंडरवर ‘राखीव, पुणे हॉटेल’ असं लिहून अडवा. हे न केल्यामुळे होणारा घोटाळा फार वाईट असतो: मॅडम ब निवडतात, आणि तोवर तुम्ही त्याच वेळी सूत व्यापाऱ्याला बोलावलेलं असतं. आपणच दिलेली वेळ परत घेतली की पुढच्या मेलमधल्या पर्यायांवर कुणी विश्वास ठेवत नाही. तेच पर्याय दोन पार्ट्यांना एकदम देण्याचंही असंच आहे. द्यायचेच असतील तर एकाचं उत्तर आल्याबरोबर दुसऱ्याला नवे पर्याय पाठवा.

‘हो, चालेल’ आणि ‘२ चालेल’

उत्तर आलं, पण कशाला हो म्हटलं ते कळत नाही, ही वेगळी तक्रार. बहुतेक वेळा कारण आपल्याच मेलमध्ये असतं.

पर्यायांना १, २, ३ असे आकडे दिले आणि ‘२ चालेल’ असं उत्तर आलं, तर तो दुसरा पर्याय की दुपारचे दोन? शिवाय वर अजेंड्यालाही १, २, ३ आहेत. म्हणून पर्यायांना अ, ब, क. तसंच ‘४ ला भेटू’ म्हणजे ४ तारखेला की ४ वाजता, हे नुसत्या वाक्यावरून सांगता येत नाही. आपल्या मेलमध्ये वार, तारीख, महिना, सुरुवात आणि शेवट असं पूर्ण लिहिलेलं असलं की उत्तरातला गोंधळही आपोआप कमी होतो.

वार आणि तारीख दोन्ही लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. चूक झाली तर ती उघडी पडते. ‘मंगळवार, १० जून’ असं लिहिलं गेलं तर समोरचा विचारतो, कारण १० जून २०२६ ला बुधवार आहे. नुसतं ‘१० जून’ लिहिलं असतं तर चूक कुणाच्याच लक्षात आली नसती. हे वार तोंडपाठ लिहू नका, कॅलेंडर बघून लिहा.

आणि उद्या, परवा, येता सोमवार, पुढचा मंगळवार हे शब्द मेलमध्ये नकोतच. समोर बसून बोलताना ते चालतात. मेल मात्र बुधवारी लिहिला जातो, शुक्रवारी वाचला जातो आणि सोमवारी कुणाला तरी फॉरवर्ड होतो. ‘उद्या’ प्रत्येकाचा वेगळा. शुक्रवारी लिहिलेला ‘पुढचा मंगळवार’ काहींना चार दिवसांनी येणारा वाटतो, काहींना त्यानंतरच्या आठवड्यातला. हे दोन्ही अर्थ आपल्याकडे सर्रास वापरले जातात, त्यामुळे चूक कुणाची यावर वाद घालून उपयोग नाही.

उत्तरच आलं नाही तर

५ जूनची संध्याकाळ गेली, उत्तर नाही. इथे बहुतेक जण एका ओळीचा मेल टाकतात: ‘खालील मेलची आठवण करून देत आहे.’ मॅडम खाली जातात, पर्याय वाचतात, आणि त्यातला एक पर्याय तोवर उलटून गेलेला असतो किंवा उलटायच्या बेतात असतो. बाकीचे दोन तरी अजून खरे आहेत का, ही शंका येते. मेल पुन्हा बाजूला जातो. दर वेळी होणारी अडचण बऱ्याचदा या शिळ्या आठवणीतच असते, मूळ मेल चांगला असूनसुद्धा.

आठवण पाठवताना त्याच मेलच्या उत्तरात, पण पर्याय ताजे करून पाठवा. शनिवारी सकाळी किंवा सोमवारी, ८ जूनला, असं:

> मॅडम, तिसऱ्या लॉटच्या वजनाबाबत. मंगळवारची वेळ (अ) आता सोडली आहे. ब (बुधवार, १० जून, दुपारी ४.०० ते ४.३०) आणि क (शुक्रवार, १२ जून, दुपारी २.३० ते ३.००) अजून राखून आहेत. शिवाय ड) सोमवार, १५ जून, सकाळी ११.०० ते ११.३०. मंगळवार, ९ जून, दुपारी २ पर्यंत कळवावं, कारण बीम १६ तारखेला चढतंय.

नव्या पर्यायाला नवं अक्षर दिलं आहे हे पाहा. अ ला नवी वेळ चिकटवली, तर जुना मेल वाचून ‘अ चालेल’ म्हणणाऱ्याचा आणि तुमचा अ वेगळा होतो.

या आठवणीलाही उत्तर नाही आलं तर तिसरा मेल पाठवू नका. फोन करा, आणि ‘मेल बघितला का’ असं न विचारता थेट ‘बुधवारी चार की शुक्रवारी अडीच?’ असं विचारा. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर ‘बुधवारी चालेल’ असं मिळालं की काम संपलं असं समजू नका. हाऊसकीपिंगच्या प्रमुखांना ते दिसलेलं नाही. पाच मिनिटांत मूळ मेलवर सगळ्यांना लिहा: ‘फोनवर ठरल्याप्रमाणे ब पक्का: बुधवार, १० जून, दुपारी ४.०० ते ४.३०.’ त्यासोबत कॅलेंडरचं निमंत्रण आणि कॉलची लिंक पाठवा, आणि उरलेल्या राखीव वेळा मोकळ्या करा. व्हॉट्सॲपवर ठरलेल्या मीटिंगला एक माणूस हमखास गैरहजर असतो, कारण तो त्या संभाषणात नव्हताच.

‘नंतर कळवतो’ असं उत्तर आलं तर ते न येण्यापेक्षा बरं. त्यामागे दोन कारणं असू शकतात: वेळ नाही, किंवा विषयात रस नाही. कोणतं ते ओळखायला मीटिंग लहान करून विचारा: ‘फक्त दुसऱ्या मुद्द्यावर १० मिनिटं फोनवर चालतील का?’ त्यालाही टाळाटाळ झाली तर वेळेचा प्रश्न नाही. मग आपला प्रस्ताव लेखी पाठवा, ‘१५ जूनपर्यंत बदल न कळवल्यास याप्रमाणे माल धरू, चालेल का?’ असं विचारा आणि होकार लेखी मिळवा. उत्तर न येणं म्हणजे संमती, असं धरून १,२०० टॉवेल विणू नका.

प्रत्यक्ष भेट असेल तर

सोलापूरहून पुणं सुमारे अडीचशे किलोमीटर. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून संध्याकाळी त्याच गाडीने परतायचं असेल, तर भेटीची खरी खिडकी साडेअकरा ते चार एवढीच आहे. गाडी पोचल्यावर अर्ध्या तासात भेट ठरवली की गाडी थोडी जरी रेंगाळली तरी पहिलीच भेट उशिरा होते. इथे पर्याय म्हणून एकाच दिवसातल्या तीन वेळा देऊ नका, दोन वेगळे दिवस द्या, आणि तिकिटं काढायला पुरेल अशी उत्तराची तारीख ठेवा. ‘एरवी पुण्याला येतोच आहे’ असं असेल तर तेही लिहा. मग एकच दिवस दिलेला समजून घेतला जातो.

उलट, हॉटेलच्या लोकांना माग बघायला सोलापूरला बोलवायचं असेल, तर एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनचा पर्याय देऊ नका. पारा चाळिशीच्या वर असतो आणि शेडमध्ये त्याहून जास्त उकडतं. संक्रांतीच्या सुमारास शहरातली भेट ठेवायची असेल तर गड्ड्याची यात्रा आणि नंदीध्वजांची मिरवणूक लक्षात घ्या. त्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात गाडी नेणं अवघड असतं आणि कामगारही सुट्टीवर असतात. आणि भेट कारखान्यात असली तरी बसायची जागा मागांच्या खडखडाटापासून लांब ठेवा, व्हिडिओ कॉलसाठी तर नक्कीच.

गिऱ्हाईक हॅम्बुर्गचं असेल तर

इथे पर्याय बरोबर असूनही दोघं एका तासाच्या फरकाने हजर होतात. भारताची वेळ वर्षभर तीच राहते, जर्मनीची बदलते. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. २०२६ मध्ये २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर.

समजा २० मार्चला मेल लिहिताना तुम्ही तेव्हाचा फरक धरून ३१ मार्चची वेळ दिली: ‘सोलापूर दुपारी २.३०, हॅम्बुर्ग सकाळी १०.००.’ पण ३१ मार्चला घड्याळ पुढे गेलेलं असतं, आणि सोलापुरात अडीच वाजतात तेव्हा हॅम्बुर्गला ११ वाजलेले असतात. गिऱ्हाईक दहाला लिंक उघडून बसतं, तुम्ही तेव्हा जेवायला गेलेले असता. म्हणून फरक आजचा नाही, मीटिंगच्या तारखेचा धरायचा. प्रत्येक पर्यायापुढे दोन्ही शहरांची वेळ लिहा, महिना अक्षरात लिहा, कारण ‘०५/०६’ कुणी ५ जून वाचतं, कुणी ६ मे. वेळ पक्की झाली की कॅलेंडरचं निमंत्रण पाठवा आणि त्यात टाइमझोन `Asia/Kolkata` आहे का ते आधी तपासा. निमंत्रण बरोबर असेल तर प्रत्येकाला आपापल्या घड्याळाप्रमाणे वेळ दिसते. मेलमध्ये लिहिलेली वेळ आणि निमंत्रणातली वेळ यांत फरक दिसला, तर मीटिंगच्या दिवसाची वाट न पाहता त्याच मेलवर दुरुस्ती पाठवा.